पिशवीवरचं एक वाक्य

दिवाळीच्या दोन महिने आधीची गोष्ट. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तीन हजार पिशव्यांची ऑर्डर आलीय. पण टॅगवर काय छापायचं ते त्यांनीच लिहून पाठवलंय. जरा बघता का?"

वहिनी आणि त्यांच्या बचत गटातल्या आठ बायका मिरजेत कापडी पिशव्या शिवतात. कापड इचलकरंजीचं, मशिनं स्वतःची. मी सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली, त्यामुळे कापडाचं काही निघालं की फोन मला येतो.

व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर असा होता : "१००% पर्यावरणपूरक. शुद्ध ऑर्गॅनिक कॉटन. पूर्णपणे बायोडिग्रेडेबल. कार्बन न्यूट्रल. ही एक पिशवी वाचवते ५०० प्लास्टिक पिशव्या!" खाली हिरवं पान आणि पृथ्वीचं चित्र.

मी विचारलं, "वहिनी, यातलं खरं काय आहे?"

त्या म्हणाल्या, "कापडी आहे हे खरं आहे."

मला हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की त्यांच्या जुन्या टॅगवरही "पर्यावरणपूरक, १००% सुती" असं छापलेलं होतं आणि ते मीच लिहून दिलं होतं. तपासून नाही, सवयीनं. कापडाची पिशवी म्हणजे चांगलीच, असं आपण सगळेच धरून चालतो. मग ठरवलं, टॅगवरचा एकेक शब्द घ्यायचा आणि त्याच्यामागे पुरावा काय ते बघायचं. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते लिहून ठेवतोय.

पहिला शब्द, "सुती".

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, काडेपेटी लागते. कापडातून एक ताण्याचा धागा ओढायचा, एक बाण्याचा, आणि दोन्ही वेगवेगळे जाळायचे. सूत पटकन पेटतं, जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटांनी चोळली की विरून जाणारी राख राहते. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. वहिनींकडे तेव्हा कापडाचे दोन ताके होते. जुन्या ताक्याचे दोन्ही धागे नीट जळले. नव्या ताक्याचा बाणा नीट जळला, ताण्याला मात्र मणी आला. म्हणजे व्यापाऱ्यानं मिश्र सुताचं कापड दिलं होतं. दोन्ही ताके दिसायला सारखे, हाताला जवळजवळ सारखे, नवा मीटरमागे थोडा स्वस्त. बिलावर फक्त "ग्रे क्लॉथ" लिहिलेलं.

एक मर्यादा लक्षात ठेवायची. काडेपेटीनं पॉलिएस्टर आहे की नाही ते कळतं, किती आहे ते कळत नाही. टक्केवारी हवी तर कापडाचा तुकडा वजन करून ठरावीक तीव्रतेच्या गंधकाम्लात ठेवतात. सूत विरघळतं, पॉलिएस्टर मागे राहतं, ते धुऊन वाळवून पुन्हा वजन करायचं. हे घरी करायचं काम नाही, कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत करून मिळतं. पण "१००% सुती" हे खोटं ठरवायला तो एक मणी पुरेसा होता. नवा ताका परत गेला. आता ताका आला की कापायच्या आधी दोन धागे जाळायचे आणि तारीख टाकून वहीत नोंद करायची, असा नियम केलाय.

दुसरा शब्द, "ऑर्गॅनिक". इथे माझ्या बावीस वर्षांचा काही उपयोग झाला नाही.

सेंद्रिय कापूस आणि साधा कापूस जाळून, विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सारखाच दिसतो, कारण दोन्ही सेल्युलोजच. कीटकनाशकाचे अंश किंवा बीटीचं जनुक शोधून संशय घेता येतो, पण कापूस सेंद्रिय आहे हे पिशवी तपासून सिद्ध होत नाही. ते कागदांच्या साखळीनं सिद्ध होतं. शेत, जिनिंग, सूतगिरणी, माग, शिलाई, प्रत्येक टप्प्याला प्रमाणपत्र लागतं आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा त्या मालापुरता व्यवहाराचा दाखला लागतो. कापडासाठी जगभर चालणारं जीओटीएस नावाचं मानक आहे. त्यात नुसतं "ऑर्गॅनिक" लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतात आणि ७० टक्के असतील तर "सेंद्रिय तंतूंपासून बनवलेलं" एवढंच लिहिता येतं.

वहिनींनी व्यापाऱ्याला विचारलं. त्यानं लगेच एका गिरणीच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. फोटो खराच असेल. पण ते प्रमाणपत्र सांगत होतं की त्या गिरणीला सेंद्रिय माल बनवायची मान्यता आहे. आपल्या हातातला ताका त्या मालातला आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. शिवाय अशा प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती संपलेली होती. व्यवहाराचा दाखला मागितल्यावर व्यापारी म्हणाला, "ताई, एवढं कुणी विचारत नाही." आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटीचा आहे आणि सेंद्रिय मानकात बीटी चालत नाही. त्यामुळे कागद नसेल तर "ऑर्गॅनिक नाही" असंच धरणं शहाणपणाचं. शब्द खोडला.

तिसरा, "पूर्णपणे बायोडिग्रेडेबल".

याचा निकाल वहिनींच्या गच्चीवरच लागला, योगायोगानं. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी एक फाटलेली पिशवी कंपोस्टच्या कुंडीत टाकली होती. मी म्हटलं, उकरून बघू. कापड जवळपास गेलं होतं, काळपट चिंध्या राहिल्या होत्या, त्याही हातात आल्या की तुटायच्या. पण शिवणीचा दोरा अख्खाच्या अख्खा निघाला, पिशवीचा सांगाडा जणू. आणि छापलेल्या कमळाची पातळ कातडी, रबरासारखी, पाकळ्यांसकट शाबूत.

कारण साधं आहे. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असतो, कारण तो मशिनवर तुटत नाही आणि भार पेलतो. छपाई प्लॅस्टिसॉल शाईची होती, म्हणजे पीव्हीसी. नखानं खरवडलं की सालपट निघतं, त्यावरून ओळखता येते. म्हणजे कापड कुजतं, पिशवी पूर्ण कुजत नाही. आता छपाई पाण्यात मिसळणाऱ्या रंगांची करतात. पण त्या रंगालाही कापडावर धरून ठेवणारं रसायन लागतं, त्यामुळे तीसुद्धा "नैसर्गिक" होत नाही. सुती दोरा वापरून पाहिला, तर बंद लवकर सुटू लागले. मग ठरलं की दोरा पॉलिएस्टरचाच ठेवायचा आणि तसं लिहायचं. दोन वर्षं टिकणारी पिशवी थोड्याशा पॉलिएस्टर दोऱ्यामुळे टिकत असेल तर तो दोरा लपवायची गरज काय?

चौथा, "कार्बन न्यूट्रल". यावर फार वेळ गेला नाही. कापूस पिकवण्यापासून पिशवी पोचवण्यापर्यंत किती उत्सर्जन झालं हे कुणी मोजलंच नव्हतं. न मोजलेली गोष्ट शून्य झाली असं कसं म्हणणार?

आता पाचवं वाक्य, मला सगळ्यात जास्त छळणारं. "ही एक पिशवी वाचवते ५०० प्लास्टिक पिशव्या."

या वाक्यात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेत. एक, पिशवी ५०० वेळा वापरता येईल इतकी टिकते. दोन, ती प्रत्यक्षात ५०० वेळा वापरली जाते आणि दरवेळी एक प्लास्टिकची पिशवी टळते. पहिला दावा शिवणाऱ्याचा आहे. दुसरा तुमच्या-माझ्या हातात आहे.

पहिला आम्ही तपासला. पिशवीत पाच किलो तांदूळ भरले आणि गटातल्या बायकांनी पाळीपाळीनं ती जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत आणायची, पुन्हा ठेवायची, प्रत्येक खेपेला भिंतीवर खडूनं रेघ. पहिली पिशवी दोनशेच्या आसपास गेली. कापड फाटलं नाही, बंद जिथे शिवला होता तिथे कापडच टाक्यांच्या ओळीनं चिरलं. टाके इतके जवळजवळ होते की सुईच्या भोकांची रांग झाली होती. टपाल तिकिटाच्या कडेसारखी. दाट टाके म्हणजे मजबूत, हा समज तिथे मोडला.

मग टाका लांब केला, बंदाचं टोक तोंडाच्या दुमडीत आत घेतलं, आतून कापडाची चौकट लावली आणि त्यावर चौकोन व मध्ये फुली असा टाका मारला. अशा पाच पिशव्या घेतल्या. पाचही पाचशेच्या पुढे गेल्या. वीस वेळा धुऊनही पाहिल्या. कोरं कापड असल्यामुळे उंची ४२ सेंटिमीटरवरून ४० वर आली, शिवण ठीक राहिली. त्यामुळे आता कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापतात.

तरी यातून "५०० वापर" म्हणता येत नाही. तांदूळ कोरडे असतात. मंडईत ओल्या भाज्या असतात, स्कूटरचा हूक असतो, कुठे खिळा लागतो. म्हणून वाक्य असं झालं : "५ किलो भार भरून ५०० वेळा उचलून तपासलेली." जे केलं तेवढंच.

दुसऱ्या दाव्याची हकीकत जास्त बोलकी आहे. सहा महिन्यांपूर्वी वहिनींनी आमच्या इमारतीत वीस पिशव्या फुकट वाटल्या होत्या. मी घरोघरी जाऊन विचारलं. बारा घरांत ती नियमित वापरात होती, साधारण आठवड्यातून दोनदा. पाच घरांत ती इतर पिशव्यांच्या पिशवीत घडी करून ठेवलेली होती. दोन सापडल्या नाहीत. एकीत जुनी बिलं होती. हा काही अभ्यास नव्हे, एका इमारतीची चौकशी आहे. पण वहिनींच्या पेजवर "आतापर्यंत ४० लाख प्लास्टिक पिशव्या वाचवल्या" असं झळकत होतं ते कुठून आलं, हे मला तेव्हा समजलं. विकलेल्या पिशव्या ८ हजार, गुणिले ५००. माझ्या शेजारची बिलं ठेवलेली पिशवीसुद्धा त्यात पाचशे पिशव्या वाचवत होती.

याच्या पुढचा प्रश्न अवघड आहे. किती वेळा वापरली म्हणजे कापडी पिशवी खरोखर प्लास्टिकपेक्षा बरी ठरते?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ साली यावर अहवाल प्रसिद्ध केला. फक्त हवामानावरचा परिणाम पाहिला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरल्यावर ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. त्या प्लास्टिक पिशव्यांपैकी सुमारे ४० टक्के पुन्हा कचऱ्याच्या डब्याला लावल्या जात असतील तर हा आकडा १७३ होतो. सगळ्याच लावल्या तर ३२७. आपल्या घरांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर १७३ वेळा म्हणजे वीस महिने.

डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासातला आकडा तर फॉरवर्डमध्ये फिरतो : सेंद्रिय सुती पिशवी २० हजार वेळा वापरावी लागते. तो खराच त्या अहवालात आहे. पण तो अनेक परिणामांपैकी सगळ्यात वाईट निघालेल्या एका परिणामाचा, ओझोन थराचा, आकडा आहे. त्याच अभ्यासात हवामानापुरता आकडा १४९ आहे आणि साध्या सुती पिशवीसाठी ५२. हो, सेंद्रिय पिशवीचा आकडा जास्त आहे. त्या हिशोबात सेंद्रिय कापसाचं एकरी उत्पादन कमी धरलेलं आहे. म्हणून "ऑर्गॅनिक म्हणजे आपोआप हिरवं" हेही सरळ नाही. प्लास्टिकवाल्यांनी २० हजार सांगायचं आणि कापडवाल्यांनी ५२, ही एकच लबाडी आहे.

मी आमच्या पिशवीचा हिशोब मांडून बघितला. ब्रिटिश अहवालातली सुती पिशवी १८३ ग्रॅमची होती. वहिनींची सत्तर. (कापड किती जड ते घरीच कळतं. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला शंभरनं गुणा, जीएसएम मिळतो. आमचा १६०.) वजनाच्या प्रमाणात १३१ चे ५० होतात. मी खूश झालो. मग आठवलं की त्यांची प्लास्टिक पिशवी ८ ग्रॅमची होती. आमच्या मंडईत बंदी असूनही मिळते ती वजन केली, तर ३ ग्रॅम. म्हणजे समोरचं नुकसानही तेवढंच कमी. तो फरक धरला की ५० चे पुन्हा १३३ झाले. फिरून तिथेच आलो.

हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. वीज वेगळी, शेती वेगळी, पिशवीचं माप वेगळं. त्यामुळे टॅगवर आकडा छापायचा नाही असं ठरलं. पण एवढं नक्की कळलं की उत्तर दहा-वीस वेळा नाही, शंभराच्या पुढे आहे. आणि कापड जितकं जाड तितका तो आकडा वर जातो. त्यामुळे "प्रीमियम, एक्स्ट्रा हेवी कॅनव्हास, पर्यावरणासाठी" हे वाचलं की आता मला हसू येतं.

मग कापडी पिशवी कशाला, असं कुणी म्हणेल. तर या दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट मोजलेलीच नाही : फेकलेली पिशवी कुठे जाते. आपल्याकडे ती गटारात जाते, गाईच्या पोटात जाते, शेतात अडकते. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध ओरड झाली ती तुंबलेल्या गटारांमुळे, कार्बनमुळे नव्हे. कापडी पिशवीची खरी बाजू तिथे आहे. पण ती बाजू वेगळी सांगावी, हवामानाच्या नावाखाली खपवू नये.

जाता जाता आणखी एक फसवणूक. दुकानात "कापडी" म्हणून जी पातळ, बारीक ठिपक्यांची रंगीत पिशवी देतात ती कापड नसतेच, पॉलिप्रॉपिलीन असतं. तिच्यात ताणा-बाणा नसतो, कोपरा ओढून बघा, धागा निघणार नाही. काडी लावली तर वितळते. ६० जीएसएमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांवर केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून बंदी आहे.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी हरित फसवणुकीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. "इको-फ्रेंडली", "ग्रीन", "नॅचरल", "ऑर्गॅनिक", "कार्बन न्यूट्रल" असे मोघम शब्द स्पष्टीकरण आणि पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत. दावा अख्ख्या वस्तूचा आहे, तिच्या एका भागाचा की वेष्टनाचा, ते सांगायचं. सोयीचे तेवढेच आकडे निवडायचे नाहीत. तुलना केली तर ती तपासता येईल अशा माहितीवर. आणि हा तपशील जाहिरातीतच किंवा क्यूआर कोडमागे लोकांना सहज मिळाला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आठ बायकांच्या गटाला हे आकडे वाचूनच घाम फुटला.

शेवटी टॅग असा झाला :

"कापड : १००% सुती, १६० जीएसएम, न रंगवलेलं. प्रत्येक ताका जाळून तपासलेला. दोरा : पॉलिएस्टर. छपाई : पाण्यात मिसळणाऱ्या रंगांची. ५ किलो भार भरून ५०० वेळा उचलून तपासलेली. थंड पाण्यात धुवा. बंद सुटला तर आणून द्या, मोफत शिवून देऊ. ही पिशवी शंभराहून जास्त वेळा वापरलीत तरच तिचा उपयोग. घरी आधीच पिशवी असेल तर ही घेऊ नका."

क्यूआर कोडमागे वहीच्या पानांचे फोटो आहेत, ज्या पिशवीचा बंद दोनशेला तुटला तिच्यासकट. पेजवरचे ४० लाख काढून टाकले.

शेवटचं वाक्य मी सुचवलं नव्हतं. वहिनींनी घातलं. गटात त्यावरून भांडण झालं. "घेऊ नका म्हणून कुणी धंदा करतं का?" असं एकजण चिडून म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. तिच्या मुलीची फी त्या ऑर्डरवर भरायची होती.

नवा टॅग त्या पार्टीला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "मॅडम, हे गिफ्टवर बरं दिसत नाही." ऑर्डर गेली. तीन हजार पिशव्यांची.

नंतर काही चमत्कार झाला नाही. मिरजेतल्या एका किराणा दुकानदारानं चारशे घेतल्या. त्याला टॅगमधलं फक्त "मोफत शिवून देऊ" आवडलं, कारण त्याच्याकडे गिऱ्हाइकं तुटक्या बंदांच्या तक्रारी घेऊन येतात. आतापर्यंत अकरा पिशव्या दुरुस्तीला आल्या. बंद सुटलेल्या, कोपरे झिजलेल्या, हळदीचे डाग पडलेल्या. वहिनी प्रत्येक पिशवी आली की विचारतात, किती दिवस वापरली, आणि वहीत लिहितात.

परवा मी ती वही चाळत होतो. म्हटलं, वहिनी, हाच तुमचा खरा पुरावा. विकलेली पिशवी काही सांगत नाही, झिजून परत आलेली सांगते.

त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे भाऊजी, पण दोऱ्याचं रीळ संपलंय, येताना घेऊन या. आणि पिशवी घेऊन जा, नाहीतर तो दुकानदार प्लास्टिकमध्ये बांधून देईल."